कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही, मग आधी कॅल्शियम का?

नवा_रेसिडेंट: रक्तातलं पोटॅशियम ७.२ आलं की धावत जाऊन कॅल्शियम द्यायचं, ही निव्वळ घोकंपट्टी वाटते मला. दिल्यावर पुन्हा तपासलं तरी आकडा तोच. कॅल्शियम, इन्सुलिन, सालब्युटामॉल आणि आतड्यात पोटॅशियम धरून ठेवणारं रेझिन, या सगळ्या औषधांत पोटॅशियम शरीराबाहेर नेतं ते फक्त रेझिन. खरा उपचार तोच, आणि तोच आपण सगळ्यात शेवटी देतो. यात तर्क कुठे आहे?

जुनी_खोड: हे वाचून चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

पेशंट आकड्याने मरत नाही, हृदय बंद पडून मरतो. एक रात्र सांगतो. मूत्रपिंडाचा जुना आजार, दोन दिवस लघवी जवळजवळ नाही, पोटॅशियम तुझंच ७.२. ईसीजीत पी लहरी गायब, टी तंबूसारख्या उभ्या, क्यूआरएस पसरलेला. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, ३ मिनिटं घेऊन, मॉनिटरवरची नजर न हलवता दिलं. पट्टी थोडी सुधारली, पण क्यूआरएस रुंदच. ५ मिनिटांनी आणखी १० मिली. तेव्हा कुठे तो आवळला आणि पी लहरी परत दिसल्या. पोटॅशियम? तेवढंच. कॅल्शियमने फक्त हृदयाच्या पेशींना त्या पोटॅशियमसमोर उभं राहायची ताकद दिली.

आणि मग आम्ही गाढवपणा केला. पट्टी छान दिसली म्हणून सगळे सैलावले. इन्सुलिन ‘डायलिसिस लागतच आहे, कशाला’ म्हणून राहिलं. पाऊण तासात क्यूआरएस पुन्हा पसरला. कॅल्शियमचा असर अर्धा तास ते तासभर, त्यापुढे नाही. त्या वेळात इन्सुलिनने पोटॅशियम पेशींत ढकलायला सुरुवात केलेली असली पाहिजे, आणि त्यालाही सुरू व्हायला १५-२० मिनिटं लागतात. तुझी रेझिनची पुडी त्या वेळी जठरात असते. तिचं काम मोठ्या आतड्यात. तास मोज.

गणित_कच्चं: कॅल्शियम, इन्सुलिन मान्य. पण सालब्युटामॉल या यादीतून काढा बुवा. मी तीन-चार पेशंटना नेब्युलायझर दिलाय, पोटॅशियम जागचं हललं नाही. नुसती धडधड वाढते.

जुनी_खोड: किती दिलंत?

गणित_कच्चं: एक रेस्प्यूल. नेहमीची. २.५ मिलिग्रॅम.

जुनी_खोड: तो दम्याचा डोस झाला! इथे १० ते २० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या रेस्प्यूल कमीत कमी चार, एकाच कपात. अर्ध्या तासात फरक दिसू लागतो, पूर्ण असर तास-दीड तासाने. इन्सुलिन आणि हे दोघंही पेशीवरचा तोच पंप जोरात चालवतात, पण वेगवेगळ्या दारांनी शिरून. म्हणून दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उतरवतात.

गणित_कच्चं: बरं, डोस चुकला माझा. पण पुरेसा डोस देऊनही काही डायलिसिसच्या पेशंटमध्ये काहीच होत नाही, हे तुम्ही का लपवताय? बीटा ब्लॉकर चालू असेल तर विषयच संपला. आणि छातीत कळ येणाऱ्याला २० मिलिग्रॅम द्यायची माझी छाती नाही.

जुनी_खोड: लपवत नाही. म्हणूनच ते एकटं द्यायचं नसतं. हृदयाचा त्रास असेल तर १० वरच थांबतात, किंवा देतच नाहीत.

रात्रपाळी_सिस्टर: डॉक्टर लोक पहिल्या तासावरच भांडतात. दुसरा-तिसरा तास आमच्या वाट्याला येतो, त्याबद्दल कोणी बोलेल का?

माझी पेशंट. ४५ किलो, मधुमेह नाही, सुरुवातीची शुगर ९६. १० युनिट इन्सुलिन, २५ ग्रॅम ग्लुकोज. अर्ध्या तासाने शुगर १९०, डॉक्टर खूश, पुढच्या तपासणीचा आदेश थेट सकाळचा. अडीच तासांनी मी पांघरूण नीट करायला गेले तर उशी घामाने ओली, बाई हाक मारून उठेना. शुगर ३८. ग्लुकोज तासाभरात संपून जातं. मूत्रपिंड बंद असलं की इन्सुलिन मात्र तासन्‌तास रेंगाळतं.

नवा_रेसिडेंट: मग ५ युनिट द्या. सोपं आहे.

जुनी_खोड: सोपं नाही. शुगर कमी वेळा पडते हे खरं, पण ७ च्या वर पोटॅशियम असताना अर्धा डोस अर्धवट काम करण्याची भीती असते. मी १०च देतो आणि सुरुवातीची शुगर १२६ च्या खाली असेल तर नंतर १० टक्के ग्लुकोज तासाला ५० मिली, ५ तास चालू ठेवतो.

रात्रपाळी_सिस्टर: ज्याला लघवीच नाही त्याला आणखी पाव लिटर पाणी? फुफ्फुसात भरलं की पुन्हा आम्हीच.

जुनी_खोड: दम लागलेला असेल तर सेंट्रल लाइनमधून जास्त तीव्रतेचं ग्लुकोज द्या, पण द्या. घाबरून उपाशी ठेवू नका.

रात्रपाळी_सिस्टर: घाबरून? तुम्ही आदेश लिहून झोपायला जाता, सर. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने आणि पुढे सहा तासांपर्यंत दर तासाला बोट टोचायचं, हे फाइलवर लिहायला काय पैसे पडतात?

गणित_कच्चं: सिस्टरच्या बाजूने. आमच्याकडे इन्सुलिनच्या आदेशाखाली शुगरच्या वेळा छापूनच घेतल्या, तेव्हा कुठे जमलं. सुरुवातीलाच शुगर २५० च्या वर असेल तर मात्र सोबत ग्लुकोज लागत नाही, तिथे नुसतं इन्सुलिन.

जुनी_खोड: माझे आदेश कोणी पाहिलेत इथे? असो. वेळा लिहायला हव्यात. त्या मी नेहमी लिहितोच असं नाही.

आठवड्यातून_तीनदा: मी डॉक्टर नाही, डायलिसिसच्या मशीनवर चार वर्षं. मला जेवणाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. मग माझं हृदय सुरक्षितच की?

रात्रपाळी_सिस्टर: नाही दादा. त्या गोळ्या जेवणातलं फॉस्फरस धरून ठेवायला. इथे चाललंय ते नसेतून द्यायचं कॅल्शियम.

आठवड्यातून_तीनदा: बरं झालं विचारलं. ती पुडी पण मला आहे. ओली वाळू चघळल्यासारखी लागते आणि तिसऱ्या दिवशी पोट दगड. दोन मशीनच्या मधल्या लांब सुट्टीत पोटॅशियम चढू नये म्हणून देतात म्हणे. बाकीच्या गोळ्यांपासून तीन तास लांब घ्यायची, हे मला दुकानदाराने सांगितलं, डॉक्टरने नाही.

जुनी_खोड: दुकानदार बरोबर. बद्धकोष्ठ मात्र अंगावर काढू नका, रेझिनने क्वचित आतड्याला इजा होते. पोट फुगलं, दुखलं, शौचातून रक्त गेलं तर पुडी बंद आणि थेट डॉक्टरकडे.

नवा_रेसिडेंट: म्हणजे दगड होईपर्यंत द्यायची, पण तातडीत नाही. छान. पण माझा अर्धा मुद्दा कोणी खोडला नाही. इन्सुलिन आणि सालब्युटामॉलने पोटॅशियम लपवलं फक्त. ४ ते ६ तासांनी ते परत बाहेर येणार. तेव्हा काय?

जुनी_खोड: हे पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास. बाहेर काढायची तयारी पहिल्या मिनिटालाच सुरू करायची: लघवी होत असेल तर फ्युरोसेमाइड, नसेल तर डायलिसिसला फोन. असर शेवटी दिसतो म्हणून सुरुवातही शेवटी करायची नसते. पुडी त्याच वेळी दिलीस तर माझी हरकत नाही, तिच्या भरवशावर बसलास तर आहे.

नवा_रेसिडेंट: आणि झिरकोनियमवालं नवं औषध? ते तर तासाभरात सुरू होतं.

जुनी_खोड: जुन्या रेझिनपेक्षा चपळ आहे, वापरतो. क्यूआरएस पसरलेल्या पेशंटला एकटं देणार का? तासभर थांबवशील का त्याला?

नवा_रेसिडेंट: नाही. कॅल्शियम आधी. झालं समाधान?

रात्रपाळी_सिस्टर: त्याच्या लाइनमध्ये बायकार्ब चालू नाही ना, तेवढं बघून द्या. कॅल्शियम त्यात गेलं की नळीत चुना होतो. आणि शुगरच्या वेळा अजून कोणी लिहिल्या नाहीत.