'शाडनफ्रॉयड'ला मराठीत एक शब्द का नाही?

रानवारा: मुलगी जर्मन शिकते आहे. तिने विचारलं, 'शाडनफ्रॉयड'ला मराठीत काय म्हणतात? दुसऱ्याचं नुकसान झालेलं पाहून वाटणारा आनंद, एवढं सांगता आलं, पण एक शब्द सापडला नाही. मत्सर बसत नाही, सूडही नाही. नेमकी कुठली भावना आहे ही?

कोकणकडा: शब्द आहे की, 'आसुरी आनंद'. हे दोन शब्द झाले म्हणाल, तर जर्मनमध्येही दोनच आहेत. शाडन म्हणजे नुकसान, फ्रॉयड म्हणजे आनंद. त्यांनी जोडून लिहिले, आपण सुटे लिहितो. फरक संपला.

नेकारतीर: मी बारा वर्षं श्टुटगार्टला राहते. जोडून लिहिण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, पण 'आसुरी' फार जड पडतं. इथे बर्फावरून बाबा घसरले आणि पोरगं खुदकन हसलं, तरी आई त्याला 'शाडनफ्रो होऊ नकोस' म्हणते. त्या पोराला आपण असुर म्हणू का? आणि याच भावनेबद्दल जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावरने लिहिलंय, की मत्सर वाटणं माणुसकीला धरून आहे, शाडनफ्रॉयड चाखणं मात्र सैतानी. खुदकन हसण्यापासून सैतानीपर्यंत सगळं एका शब्दात मावतं. आपल्याकडे एवढा ऐसपैस शब्द नाही, अडचण तिथे आहे.

पिंपळपार: 'परदुःख शीतल' चालेल ना?

नेकारतीर: नाही हो. त्यात दुसऱ्याचं दुःख आपल्याला पोळत नाही, एवढंच आहे. इथे ते गोड लागायला हवं.

रानवारा, मुलीला एक प्रसंग सांगून बघा. शेजाऱ्याची नवी गाडी टोइंगवाल्यांनी उचलून नेली. फोन करून त्यांना मीच बोलावलं असेल, तर तो सूड. ती गाडी रोज माझ्या फाटकासमोर अडवी असायची आणि आज वाट मोकळी झाली, तर ती सुटका, कारण माझा फायदा झाला. पण मी काही केलं नाही, मला काही मिळणारही नाही, नुसती गॅलरीत उभी आहे आणि गाडी ओढत नेताना बघून आत गुदगुल्या होताहेत, ते शाडनफ्रॉयड. हात माझा नाही, लाभ माझा नाही, फक्त नजर माझी.

सायलीचा_वेल: हे वाचून राहवलं नाही. आमच्या सोसायटीतल्या एका पदाधिकाऱ्यांनी माझ्या आईच्या आजारपणात रात्री लिफ्ट चालू ठेवायला नकार दिला होता. गेल्या महिन्यात त्यांचाच पाय मोडला आणि लिफ्ट बंद होती. मला बरं वाटलं, आणि रात्रभर झोप लागली नाही. माझं चुकलं का?

नेकारतीर: सायलीताई, चुकलं की नाही ते मी कोण सांगणार? पण तुमच्या मनात 'बरी जिरली' आलं असेल ना? मराठीने ही भावना तिथे ठेवली आहे. 'जिरली' म्हणताना आधी त्याला मस्ती होती हे गृहीत असतं, म्हणजे आनंदाला न्यायाचा आधार मिळतो. शिवाय वाक्य त्याच्याबद्दल असतं: त्याची जिरली. माझ्या आत काय झालं, ते मी बोलतच नाही. जर्मन शब्द बोट माझ्याकडे वळवतो, आणि समोरच्याचा काही अपराध असलाच पाहिजे अशी त्याची अट नाही.

कोकणकडा: मग 'परदुःखानंद' करा. समास आपल्यालाही येतात.

नेकारतीर: करता येईल, पण भांडणात तो कोणाच्या तोंडी येईल? आणि हे जर्मनांचंच वैशिष्ट्य आहे असंही समजू नका. डच लोक 'लेडफरमाक' म्हणतात, डॅनिशमध्ये 'स्काडेफ्रूड' आहे, रशियनमध्येही एका शब्दात भागतं. ॲरिस्टॉटलच्या ग्रीकमध्ये 'एपिखाइरेकाकिया' होता. इंग्रजांनी मात्र जर्मन शब्दच उचलला, 19व्या शतकात.

पिंपळपार: मला अजूनही वाटतं, मुळाशी मत्सरच आहे. 2009 साली जपानमध्ये मेंदूच्या स्कॅनचा एक प्रयोग झाला होता. ज्याचा जास्त हेवा वाटला, त्याच्यावर संकट आल्याचं वाचताना मेंदूतला बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग जास्त चेतला होता.

नेकारतीर: प्रयोग खरा आहे, पण माणसं 19च होती. आणि त्यातून एवढंच दिसतं की हेवा असला की आनंद वाढतो. हेवा नसेल तर आनंदच नाही, असं त्यातून निघत नाही. बर्फावर घसरलेल्या बापाचा त्या पोराला कसला हेवा?

पिंपळपार: बाप मोठा, बाप पडत नाही, याचाच असेल. आमचा धाकटा मला कॅरममध्ये हरलेला बघतो तेव्हा नेमका तसाच हसतो.

रानवारा: मुलीला गाडीचा प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे ताईचा पेपर अवघड गेला तेव्हा मला झालं होतं ते?" आता मोठीला काय सांगू?