काळ्या कडा आधी कापायच्या की नंतर?

खटपट्या: व्हीएचएसची फाइल ७२०×५७६ आहे. कडेचे काळे पट्टे आधी कापत बसायची गरज काय? अपस्केल झाल्यावर कापले की काम झालं. उगाच बाऊ करतात लोक.

रीळवाला: बाऊ नाही, मी पूर्ण दोन रात्री वाया घालवल्यात. घरच्या एका रेकॉर्डिंगमध्ये तळाच्या आठेक ओळी फाटल्यासारख्या होत्या. व्हीसीआरचं एक हेड सोडून दुसरं पकडताना तिथे गडबड होतेच. मी तशीच अपस्केल केली. डीनॉइझरला त्या थरथरत्या ओळी हालचाल वाटल्या आणि लहान भावाच्या पायांच्या कडा त्यांच्यासोबत वळवळायला लागल्या. काळ्या पट्ट्याला लागून शार्पनिंगची पांढरी रेघ आली, ती वेगळीच. ही रेघ चित्राच्या आत शिरते, नंतर कापताना जास्त कापावं लागतं.

जुनाट: मग सगळीकडून पाच टक्के उडवा. टीव्ही तेवढं दाखवायचाच नाही.

तारीखवेडी: अजिबात नाही! माझ्या कॅसेटवर खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची तारीख आहे. एका दुकानात डिजिटल करून घेतली, तर त्यांनी अर्धी तारीख कापून दिली. वडिलांच्या आवाजाची ती एकच कॅसेट, आणि वर्ष कुठलं ते आता वाचता येत नाही.

रीळवाला: ताई, म्हणूनच मूळ कॅप्चर कधीच कापायचं नाही. कापायची ती प्रत.

जुनाट: बरं, पाच टक्के जास्त झाले. पण मी वरून-खालून मिळून ४० ओळी काढल्या, परत ४:३ केलं आणि चेहरे उभट झाले. हा कापण्याचाच दोष ना?

रीळवाला: कापण्याचा नाही, ताणण्याचा. ५३६ ओळी ५७६ केल्यात, म्हणजे माणसं ७ टक्के उंच. ४:३ चा हट्ट सोडा. दोन्ही बाजूंनी ८-८ पिक्सेल काढले की ७०४ उरतात, चौरस पिक्सेलमध्ये त्याचे ७६८ होतात. वरून ४, खालून १२ काढल्या तर उंची ५६०. दुप्पट केलं की १५३६×११२०, बस्स. ffmpeg च्या `-vf` ला हे द्या:

```
bwdif,crop=704:560:8:4,scale=1536:1120,setsar=1
```

हे आकडे माझ्या टेपचे. तुमच्या टेपवर पाच-सहा ठिकाणी थांबून मोजा.

खटपट्या: मी `cropdetect` लावतो, मोजायचं कशाला?

रीळवाला: अंधाऱ्या प्रसंगात ते चित्रालाच काळी कड समजतं. उजेडातल्या फ्रेमवर डोळ्यांनी ताडून बघा. आणि डीइंटरलेस आधी. विषम संख्येने ओळी आधी वरून कापल्या तर फील्डचा क्रम उलटतो, मग चालणारा माणूस मागेपुढे थडथडतो.

खटपट्या: थडथड माझ्याकडे आहे खरी. बरं, आधी कापून बघतो. पण डावी कड ओळीओळीला हलते, ती कुठे कापू?

जुनाट: सर्वात आत सरकलेल्या ओळीपाशी.

तारीखवेडी: आणि तेवढं चित्र गेलं? मी तरी तिथे काळं झाकून ठेवेन, कापणार नाही.