उत्तर: पाककृती तपासताना

> "तीनदा वाचली, सगळं बरोबर वाटतंय. तरी करणाऱ्यांचं चुकतंच. तपासायचं तरी कसं?"

नुसतं वाचून सापडणार नाही, गाळलेलं आपलं मन आपोआप भरून काढतं. पेन्सिल घ्या आणि कृतीत जिन्नस आला की साहित्याच्या यादीत त्यावर खूण करा. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका केकच्या कृतीत साखरेवर दोन खुणा पडल्या. यादीत २०० ग्रॅम, दुसऱ्या पायरीत "साखर घाला" आणि सातवीत "उरलेली साखर वर भुरभुरवा". म्हणजे आधी किती घालायची? लिहिणारीला विचारलं तर म्हणाली, १६०. मग यादीतच "१६० ग्रॅम, शिवाय वरून ४०" असं लिहिलं.

पायऱ्यांचा क्रम बघताना मी प्रत्येक पायरीपाशी एकच विचारते: या क्षणी काय तयार असायला हवं? त्याच कृतीत दही आणि खायचा सोडा चौथ्या पायरीत एकत्र होत होते आणि "ओव्हन १८० अंशांवर तापवा" पाचवीत होतं. दह्याची आंबटाई लागली की सोड्यातून लगेच वायू सुटू लागतो. ओव्हन तापेपर्यंत मिश्रण ताटकळलं की त्यातला बराचसा निघून जातो आणि केक दडस होतो. ओव्हनची ओळ सगळ्यात वर नेली.

"३५ मिनिटं भाजा" हेही अर्धवटच, कारण भांड्याचं माप नव्हतं. २० ऐवजी २५ सेंटीमीटरच्या गोल भांड्यात तेच मिश्रण बरंच पातळ पसरतं आणि लवकर भाजतं. म्हणून माप लिहिलं, आणि वेळेसोबत खूणही: मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघेपर्यंत, पहिल्यांदा २८ मिनिटांनी बघा.