डॉक्टर म्हणाले 'आज घरी', मग संध्याकाळ का झाली? सोलापूरकर नातेवाइकांचे अनुभव

जुळे सोलापूरची सून

सासऱ्यांना नुकतंच खाजगी दवाखान्यातून घरी आणलं. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "आज सोडतो." आम्ही रिक्षात बसलो तेव्हा सात रस्त्यावर दिवे लागले होते. हा मधला वेळ आणि शेवटचं बिल, याबद्दल ज्यांनी पेशंटजवळ बसून दिवस काढलेत त्यांनी लिहावं. उपचार बरोबर की चूक हे इथे नको, ते आपलं काम नाही. दवाखान्याचं नावही नको.

आमचं सांगते. पॉलिसी तीन लाखांची, त्यात रूमची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. भरती करताना काउंटरवर ४,०००ची रूम मिळाली. "वरचे हजार तुम्ही भरा," एवढंच सांगितलं. शेवटच्या बिलात रूमच्या १६,०००पैकी १२,००० मंजूर झाले, ते समजलं. पण डॉक्टरांची फी, थिएटर आणि नर्सिंग मिळून ६०,००० होते, त्यातलेही ४५,०००च मंजूर! औषधं आणि तपासण्या मात्र पूर्ण धरल्या. ग्लोव्हजसारख्या न मिळणाऱ्या वस्तूंचे २,३०० वेगळे. असे आम्ही २१,३०० भरले. मनाची तयारी चार हजारांची होती.

सिस्टरांबद्दल मात्र तक्रार नाही. रात्री बेल दाबली की येत होत्या. सलाईन संपत आलं की आम्ही हाक मारायच्या आधीच हजर.

बिलिंगची खिडकी

ताई, मी अशाच एका खिडकीच्या आत बरीच वर्षं काढली आहेत. तुमची मर्यादा ३,०००, रूम ४,०००. म्हणजे तुम्ही पाऊण रूमचे हक्कदार, म्हणून त्या रूमला जोडलेले खर्चही पाऊणच धरले. बऱ्याच दवाखान्यांत वरच्या वर्गाची रूम घेतली की व्हिजिट आणि थिएटरचे दरही वाढतात, त्यावरून हा हिशेब आला. औषधाची गोळी जनरलमध्ये आणि स्पेशलमध्ये त्याच किमतीची, म्हणून तिला कात्री लागत नाही.

आता महत्त्वाचं. जिथे रूमप्रमाणे दर बदलतच नाहीत, तिथे ही कपात लावायची नसते. तेव्हा दवाखान्याचं दरपत्रक मागा. जनरल आणि स्पेशलला थिएटरचा दर एकच असेल, तर तसं लेखी घ्या आणि कंपनीकडे पाठवा. पैसे भरले म्हणून विषय संपत नाही.

होटगी रोड

एवढं कशाला? २०२४पासून नियम आहे, तीन तासांत सोडायचं. तीन तास झाले की पेशंटला घेऊन सरळ निघायचं, पुढचं बिल विमा कंपनी भरते.

बिलिंगची खिडकी

दादा, नियम आहे, पण तसा नाही. ते तीन तास विमा कंपनीला आहेत आणि दवाखान्याने शेवटचं बिल पाठवून मंजुरी मागितली की तिथून ते सुरू होतात. कंपनीने उशीर केला आणि त्यामुळे दवाखान्याने जास्तीचे पैसे लावले, तर तेवढेच कंपनीच्या अंगावर. तुमचा वाटा माफ होत नाही.

वेळ जातो तो बहुतेक त्याच्या आधी. राउंड झाल्यावर समरी टाइप होते, मग मोठ्या डॉक्टरांची सही लागते. ते ओटीत असले की फाईल तशीच पडून. वॉर्डातली उरलेली औषधं मेडिकलला परत जातात, लॅबची नोंद लागते, मग फाईल खाली बिलिंगला येते. म्हणून "डिस्चार्ज कधी?" असं विचारू नका, त्याला "होईल की" हेच उत्तर मिळतं. "समरीवर सही झाली का? फाईल खाली गेली का? कंपनीला मेल किती वाजता गेला?" असं विचारा. कुठे अडकलंय ते लगेच कळतं. समरीतली तारीख आणि बिलातली तारीख जुळत नसेल तर कंपनी शंका काढते आणि सगळं पुन्हा मागे येतं. सही व्हायच्या आधी नाव, वय, भरतीची तारीख स्वतः वाचून बघा.

बार्शीकर

औषधं परत करण्यावरून सांगतो. भावाच्या वेळी मी वही ठेवली होती. सिस्टर चिठ्ठी देणार, मी खालून औषध आणणार, वहीत लिहून सिस्टरांकडे देणार. शेवटी ताळा केला तर दोन इंजेक्शनं आणि एक सलाईनचा सेट न वापरता वॉर्डच्या कपाटात. ते परत केले, बिलातून रक्कम कमी झाली. मात्र स्ट्रिपचा बॅच नंबर असलेला तुकडा कापला गेला असेल तर मेडिकलवाला घेत नाही. फ्रिजमधलं इंजेक्शनही घेतलं नाही. म्हणून गोळ्या कापताना नंबराची बाजू शेवटी ठेवायची.

एक सिस्टर वहीवर चिडल्या, "आमच्यावर विश्वास नाही का?" त्यांचंही चूक नव्हतं, एका शिफ्टला दोघी आणि वॉर्ड भरलेला. मी म्हटलं, "सिस्टर, हिशेब दुकानाशी आहे, तुमच्याशी नाही." तरी दोन दिवस बोलल्या नाहीत.

साखर पेठेतली मावशी

आमच्या आईचे गुडघे दुखतात, त्यासाठी कुठला दवाखाना चांगला?

जुळे सोलापूरची सून

मावशी, ते इथे नको हो. तुम्ही कुणाजवळ राहिला असाल तर ते लिहा.

साखर पेठेतली मावशी

राहिले ना! सरकारी दवाखान्यात यजमानांजवळ. महात्मा फुले योजनेत होतं, आरोग्यमित्राने रेशन कार्ड आणि आधार घेतलं, बिलाचा प्रश्नच आला नाही. सिस्टर चांगल्या, पण पेशंट किती! हाक मारून वाट बघायची. संडास सकाळी धुतलेला असायचा, भेटायची वेळ संपली की नाक धरून जायचं. त्यातली निम्मी घाण आपल्याच लोकांची. एकाने केळ्याची सालं पिवळ्या डब्यात टाकली. सिस्टर ओरडल्या, तो ड्रेसिंगच्या रक्ताच्या कापसाचा डबा, तो वेगळा जाळायला जातो. कुठला डबा कशाचा ते आपल्या मराठीत आणि आमच्या तेलुगूत वर चिकटवलं तर काय बिघडेल?

समरी सगळी इंग्रजीत. शेवटी एका सिस्टरांनी प्रत्येक पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले, सकाळची आणि रात्रीची. यजमानांना त्यावरूनच कळायचं.

होटगी रोड

तीन तासांचं समजलं. मग पैशावरून वाद असेल तर पेशंटला अडवून ठेवू शकतात का? आमच्या शेजाऱ्यांना "आधी भरा, मग उठा" सांगितलं होतं.

बिलिंगची खिडकी

अडवता येत नाही, रुग्णांच्या हक्कांच्या सनदेत ते आहे. ती सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. तपशीलवार बिल मागणं हाही हक्कच. "ड्रेसिंग व इतर ८,०००" असं एका ओळीत आलं तर थांबा आणि फोड मागा. पण बाकी रक्कम नंतर वसूल करायचा त्यांचा अधिकार राहतो, हेही शेजाऱ्यांना सांगा.

बार्शीकर

आमचं एक अजून अडकलंय. कॅशलेस असूनही भरतीच्या वेळी रोख डिपॉझिट घेतलं. आता म्हणतात, कंपनीचे पैसे आले की परत देऊ. मूळ पावती त्यांनी फाईलला लावून घेतली, माझ्याकडे फक्त मोबाईलवरचा फोटो. फोटोवर कुणाला पैसे परत मिळालेत का?

जुळे सोलापूरची सून

आम्हाला मूळ पावतीवरच मिळाले, तेही आठवड्याने, खात्यावर. फोटोचं कुणाला माहीत असेल तर लिहा.