घरच्या साठ्यासाठी सोडियम-आयन की एलएफपी?

गच्चीसोलर: ३ किलोवॅटचा, ४८ व्होल्टचा हायब्रिड इन्व्हर्टर आहे. रात्रीसाठी ५ युनिटांचा साठा हवाय. सोडियम-आयनसाठी थांबू की एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, घेऊ?

अकोलेकर: थांबा. सोडियम मुबलक आहे, तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची फॉइल चालते, म्हणजे स्वस्त होणारच. आणि ती पेटत नाही.

सेलजोड: फॉइलचं खरं आहे. पण २०२२च्या अखेरीस शिखरावर असलेले लिथियम कार्बोनेटचे भाव पुढच्या वर्षी कोसळले आणि सोडियमचा तो फायदा बराचसा गेला. पेटत नाही, हे मात्र चूक. आतलं द्रावण तिथेही ज्वलनशीलच असतं.

खरी अडचण इन्व्हर्टरची आहे. एलएफपीचा सेल जवळजवळ पूर्ण डिस्चार्जभर ३.२ व्होल्टच्या आसपास राहतो, त्यामुळे १६ सेलचा पॅक ५१ व्होल्टला टिकून असतो. ऑक्साइड कॅथोडचा सोडियम सेल ४ पासून १.५ व्होल्टपर्यंत उतरत जातो. म्हणजे १६ सेलचा पॅक ६४ ते २४ व्होल्ट! तुमचा इन्व्हर्टर ५८ला चार्जिंग थांबवत असेल आणि ४२ला बंद पडत असेल, तर सेल ३.६ ते २.६ एवढ्यातच वापरला जातो. वरची क्षमताही वाया, खालचीही. १४ सेल घेतले तर वरचा भाग मिळतो, पण ४२ व्होल्ट म्हणजे सेलला ३, खालचं नुकसान आणखी वाढतं. त्यात ३ किलोवॅट भार असताना, इन्व्हर्टरचा तोटा न धरताही, ५१ व्होल्टला सुमारे ५९ अँपिअर लागतात, ४२ला ७१. केबल आणि फ्यूज त्या हिशेबाने हवेत.

लेहवासी: हे सगळं मैदानी भागाचं गणित झालं. शून्याखाली एलएफपी चार्ज केली की ग्राफाइटवर लिथियम धातू साचतो, क्षमता कायमची जाते. म्हणून बॅटरीचं संरक्षण करणारं बीएमएस चार्जिंग रोखतं आणि ऊन असूनही बॅटरी भरत नाही. बऱ्याच सोडियम सेलना उणे १०लाही चार्जिंग चालतं. शिवाय व्होल्टेज उतरत जातं म्हणून शिल्लक किती ते त्यावरूनच कळतं. एलएफपीत त्यासाठी अँपिअर-तास मोजावे लागतात.

सेलजोड: लेहसाठी मान्य. पण हीटर पॅड लावलेली एलएफपीही असते.

लेहवासी: डिसेंबरात तो पॅड कुठल्या विजेवर चालवायचा?

ट्यूब्युलरवाले: माझ्याकडे २४ व्होल्टचा जुना इन्व्हर्टर आणि दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. तिथे थेट सोडियम बसेल का?

सेलजोड: नाही. ८ सेलची एलएफपी बसू शकते, २८.८ व्होल्ट म्हणजे सेलला ३.६. पण इक्वलायझेशन, म्हणजे ट्यूब्युलरसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग, बंद करा, नाहीतर व्होल्टेज ३१च्या दिशेने चढताना बीएमएस ट्रिप होईल.

अकोलेकर: रुंद व्होल्टेजचे इन्व्हर्टर आले की सोडियमचा हा दोष उरणार नाही.

सेलजोड: येतील तेव्हा पॅकसोबतच घ्या. गच्चीसोलर, तुमचा इन्व्हर्टर आहे तोच राहणार असेल तर १६ सेल, १०० अँपिअर-तासांची एलएफपी म्हणजे ५.१२ युनिट. इन्व्हर्टरशी कॅन केबलने बोलणारं बीएमएस असलेलीच घ्या.