अनुभव धागा: गेट उघडण्याआधीचे चार तास

खर्ज
बँडबरोबर फिरून ॲम्प-ड्रम लावणारे रोडी, साउंडवाले, वाजवणारे, सगळ्यांनी आपापले किस्से टाका. सुरुवात मी करतो.

कॉलेज फेस्ट, तीन बँड. जो आधी वाजवणार त्याचा साउंड चेक आधी, असं लोकांना वाटतं. असतं उलटं. शेवटी वाजवणारा मोठा बँड दुपारी दोनला चेक करतो. मग त्यांचे ड्रम चाकांच्या चौथऱ्यासकट मागे ढकलून वर काळं कापड टाकायचं आणि पुढे दुसऱ्या बँडचं सामान मांडायचं. पहिला बँड सगळ्यात शेवटी चेक करतो, त्यामुळे त्याची मांडणी हलवावीच लागत नाही. मागच्यांची मात्र पुन्हा जशीच्या तशी उभी राहायला हवी, म्हणून माइक स्टँडचे पाय, पेडलबोर्डचे कोपरे यांच्या खुणा जमिनीवर रंगीत टेपने करतो. एका बँडला एक रंग.

एकदा पाहुण्यांचं भाषण आहे म्हणून कुणीतरी मंच लख्ख झाडून घेतला. टेपसकट! वीस मिनिटांत सगळं अंदाजाने लावलं आणि गायकाचा माइक नेमका स्नेअर ड्रमच्या सॉकेटमध्ये गेला. मिक्सरमध्ये दुपारची सेटिंग जपलेली होती, पण तिला काय माहीत वायर कुठली? प्रत्येक माइकवर टकटक करून लाइन चेक केला म्हणून कळलं. तेव्हापासून चेक संपला की मंचाचे आणि वायरींच्या पेटीचे फोटो काढतो.

अडाणी गिटारवाला
माझा घरचा ॲम्प गूंऽऽ करतो. तारांवर हात ठेवला की कमी होतो. यासाठी पुण्यात रोडी मिळेल का? किती घेतात?

काळी पाच
रोडी कशाला! हम म्हणजे अर्थिंगचा घोळ. मी कीबोर्डवाला, पंधरा वर्षं वाजवतोय. प्लगची वरची जाड पिन काढून टाका, हम गायब. माझ्या बॅगेत असे दोन प्लग कायम असतात.

फिरस्ती
काळी पाच, राग मानू नका, पण ते दोन प्लग आजच टाकून द्या. अर्थिंगचा घोळ हे तुमचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं, औषध जीवघेणं आहे. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या. ॲम्पची पिन काढली आणि आत काही बिघडलं, तर तारांत करंट उतरतो. हात तारांवर, ओठ माइकला, मध्ये तुम्ही. 1972 मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी असाच मंचावर शॉक बसून मेला. माइकला हात लागला, अर्थिंग नीट नव्हतं.

आता माझा किस्सा. गोवा, मोकळं मैदान, साउंड चेकला जाड हम. सगळे चॅनल बंद केले, हम थांबला. म्हणजे स्पीकर ठीक. मग एकेक उघडत गेले, तर तो कीबोर्डच्या दोन चॅनलवरच. कीबोर्डला लॅपटॉप जोडलेला, आणि मंचावरचा बोर्ड भरला म्हणून लॅपटॉपचा चार्जर कुणीतरी मागच्या खाण्याच्या स्टॉलमधून वायर ओढून लावलेला. चार्जर उपटला, आवाज बंद. तो मंचाच्या बोर्डवर घेतला, तरी किंचित उरला. मग कीबोर्ड ज्या डीआय बॉक्समधून मिक्सरला जातो, त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. संपलं. त्या बटणाने फक्त आवाजाच्या वायरीतला अर्थ तुटतो, विजेच्या प्लगमधला शाबूत राहतो. फरक तेवढाच आहे.

गिटारवाले, हात ठेवल्यावर कमी होतो ते नेहमीचंच. ट्यूबलाइट आणि मोबाइलच्या चार्जरपासून लांब बसून बघा. घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, ते मात्र वायरमनकडून तपासून घ्याच.

काळी पाच
पंधरा वर्षांत एकदाही शॉक बसला नाही हो. पण ठीक. डीआय बॉक्स साउंडवाल्याने आणायचा की मी? भाड्याच्या सेटमध्ये कधी असतो, कधी नसतो.

फिरस्ती
कुणी किती इनपुट लावणार, ती यादी आठवडाभर आधी पाठवा. त्यात "कीबोर्ड, स्टीरिओ, दोन डीआय" असं लिहा. नुसतं "कीबोर्ड 1" लिहिलंत तर एकच मिळणार.

नाशिककर
डिसेंबरची गोष्ट. चारला उन्हात चेक केला, नऊला कार्यक्रम. गिटारवादकाच्या गिटार सांभाळणारा टेक मी, गिटार सहालाच ट्यून करून स्टँडवर ठेवल्या. पहिल्याच गाण्यात सगळी गिटार चढलेली! गारठ्याने तारा आखडल्या होत्या. आता मंचावर चढण्याआधी दहा मिनिटं पुन्हा ट्यून करतो. आमचा गिटारवादक म्हणतो, "चेकला तूच वाजव, मी हॉटेलवर झोपतो." माझा हात त्याच्यापेक्षा हलका, मग लेव्हल चुकते. तुमच्याकडे वाजवणारे स्वतः येतात का?

खर्ज
पहिल्या गावाला येतात. तिसऱ्या गावापासून फोन उचलत नाहीत.

फिरस्ती
मला टेकच बरा वाटतो. निदान सांगितल्यावर वाजवायचा थांबतो.