शब्दचर्चा: ‘शाश्वत वाढदर’ की ‘झेपेल एवढी वाढ’?

लातूरची शिक्षिका
एम.कॉम.च्या मुलांसाठी मराठीतून टिपणं काढते आहे. ‘सस्टेनेबल ग्रोथ रेट’ला मी ‘शाश्वत वाढदर’ लिहिलं आणि खाली सूत्र दिलं: g = b × ROE. b म्हणजे नफ्यातला जो भाग लाभांश म्हणून न वाटता कंपनीतच राहिला, तो. आता मुलं उत्तरात लिहितात की कंपनी या दराने कायम वाढत राहते. शब्द बदलू का? आणि ROE ला ‘भागभांडवलावरील परतावा’ चालेल ना?

शेअरकट्टा
शाश्वत बरोबर आहे की. हाच g पुढे लाभांशवाढीच्या मॉडेलमध्ये जातो, P = D1 / (r − g), आणि तिथे तो कायमचाच धरलेला असतो. P म्हणजे शेअरची किंमत, D1 पुढच्या वर्षीचा लाभांश आणि r भागधारकाला अपेक्षित असलेला परतावा. मुलांचं काही चुकलेलं नाही.

ताळेबंद
शेअरकट्टा, मॉडेलमध्ये g कायमचा धरतात हे खरं, पण ते त्या लाभांशवाढीच्या, म्हणजे गॉर्डनच्या मॉडेलचं गृहीतक झालं. b × ROE वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं: नवे शेअर न काढता आणि कर्जाचं प्रमाण न वाढवता कंपनीला किती वाढ झेपेल? रॉबर्ट हिगिन्सने 1977 च्या लेखात नेमकं हेच विचारलं होतं, की कंपनीला किती वाढ परवडते.

बाई, मुलांना हे उदाहरण द्या. भागधारकांचा एकूण पैसा 1000, कर्ज 500. वर्षाचा नफा 150, म्हणजे परतावा 15 टक्के. लाभांश 60 वाटला, 90 आत राहिले, म्हणजे b 60 टक्के. वाढ 9 टक्के. पुढच्या वर्षी भागधारकांचे 1090 होतात, तोच परतावा टिकला तर नफा 163.5 आणि लाभांश 65.4. सगळं 9 टक्क्यांनी पुढे सरकलं. पण कर्जही 545 झालं पाहिजे, नाहीतर प्रमाण मोडेल. बँकेने वाढीव 45 दिले नाहीत तर ही वाढ झेपणार नाही. ‘शाश्वत’ म्हटलं की ही अट डोळ्यांआड होते, म्हणून मला तो शब्द खटकतो.

सांगलीचा सचिव
आमची पतसंस्था आहे. कायद्याने आम्हाला 15 टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देता येत नाही. म्हणजे आमचा वाढदर जास्तीत जास्त 15 टक्केच धरायचा का?

ताळेबंद
नाही सचिवसाहेब, तो 15 टक्के सभासदांच्या भागांवर मिळणारा दर आहे, वाढीचा नाही. उलट नफ्याचा किमान चौथा भाग तुम्हाला राखीव निधीत टाकावाच लागतो, म्हणजे तुमचा b कायद्यानेच निदान 25 टक्के ठरलेला आहे. त्याला स्वनिधीवरच्या परताव्याने गुणा, म्हणजे किती वाढ झेपेल ते कळेल. पुढचं किंमत काढायचं सूत्र मात्र तुम्हाला लावू नका. सभासद संस्था सोडतो तेव्हा भागाची दर्शनी किंमतच परत मिळते, वाढलेल्या राखीव निधीतला वाटा मिळत नाही.

आणि ‘स्वनिधी’ हा सचिवसाहेबांच्या रोजच्या कामातला शब्दच बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भागभांडवल म्हणजे फक्त दर्शनी किमतीने भरलेला पैसा. टीसीएसचं भागभांडवल सुमारे 362 कोटी आणि 2023-24 चा नफा सुमारे 46 हजार कोटी. ‘भागभांडवलावरील परतावा’ शब्दशः काढला तर बारा हजार टक्क्यांच्या वर जातो. राखीव निधी धरून स्वनिधी सुमारे 90 हजार कोटी आहे, त्यावर परतावा 51 टक्के येतो. ‘स्वनिधीवरील परतावा’ लिहा.

शेअरकट्टा
टीसीएसचं नाव निघालंच आहे तर तिचाच g काढू. त्या वर्षी शेअरमागे कमाई जवळपास 126 रुपये, लाभांश 73. म्हणजे 42 टक्के आत राहिले. 51 ला 0.42 ने गुणलं तर 21 टक्के. आता r 12 टक्के धरला तर r − g उणे येतो! मॉडेल निकामी आहे हेच यातून दिसतं.

ताळेबंद
उणे छेद आला की मॉडेलला दोष देण्याआधी आपण भरलेला b तपासायचा. त्याच वर्षी कंपनीने 17,000 कोटींची शेअर पुनर्खरेदी केली. लाभांशाचे साधारण साडेसव्वीस हजार कोटी आणि हे 17 हजार मिळून साडेत्रेचाळीस हजार कोटी भागधारकांकडे गेले. 46 हजारांतले उरले अडीच हजार, म्हणजे b पाच टक्क्यांच्या आसपास आणि g तीन टक्क्यांच्याही खाली. पुनर्खरेदीवरचा कर तेव्हा कंपनीलाच भरावा लागे, तो धरला तर काहीच उरत नाही. पडताळा ताळेबंदातच आहे: मार्च 2023 आणि मार्च 2024, दोन्हीकडे स्वनिधी सुमारे 90 हजार कोटीच. स्वनिधी खरंच 21 टक्क्यांनी वाढला असता तर 1 लाख 9 हजार कोटी दिसला असता.

शेअरकट्टा
मान्य. पण पुनर्खरेदीने शेअर कमी झाले, 366 कोटींतले चारेक कोटी गेले. उरलेल्या शेअरमागे लाभांश त्या मानाने वाढणारच. ती वाढ कुठे धरली?

ताळेबंद
हा मुद्दा बरोबर आहे. दोन वाटा आहेत, एकच धरायची. एक तर अख्ख्या कंपनीचा हिशेब करा: भागधारकांना दिलेल्या पैशात पुनर्खरेदी धरा आणि g स्वनिधीच्या वाढीचा घ्या. किंवा शेअरमागचा हिशेब करा: फक्त लाभांश धरा आणि g मध्ये शेअर घटल्याची साधारण एक टक्क्याची भर घाला. तुम्ही लाभांश फक्त 73 चा धरलात आणि पुनर्खरेदीत गेलेले पैसेही आत राहिले असं मानलंत. तिथे 21 आला.

लातूरची शिक्षिका
सर, पण त्याच वर्षी टीसीएसची विक्री सात टक्क्यांच्या जवळपास वाढली. स्वनिधी वाढला नाही तरी?

ताळेबंद
वाढली, कारण त्या धंद्यात नव्या कामासाठी लागतात माणसं, यंत्रसामग्री थोडीच. जिथे वाढीला भांडवल लागतच नाही तिथे b × ROE कमी आकडा दाखवतं. सिमेंट, पोलाद, बँक इथे ते जास्त विश्वासाचं.

एक सावधगिरी मुलांना नक्की सांगा. माझ्या पहिल्या उदाहरणात r 13 टक्के धरा: 65.4 भागिले 0.04, किंमत 1635. आता परतावा 15 ऐवजी 14 टक्के घ्या. पुढचा लाभांश 61 च्या आसपास, g 8.4, किंमत 1327. परताव्यात एक टक्का इकडे-तिकडे आणि किमतीतला जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. म्हणून एका चांगल्या वर्षाचा ROE उचलून मॉडेलमध्ये घालू नये.

शेअरकट्टा
मग किती वर्षांची सरासरी घ्यायची?

ताळेबंद
मी तेजी आणि मंदी दोन्ही येतील एवढी घेतो. त्यात वर्षं किती येतात ते धंद्यावर आहे, यावर लोकांचं एकमत नाही.

सांगलीचा सचिव
आमच्याकडे ऑडिटर ‘स्वबळावरची वाढ’ म्हणतात. ते कसं वाटतं?

ताळेबंद
त्यात कर्ज वगळल्यासारखं वाटतं. बाहेरून काहीच न घेता होणारी वाढ हे वेगळं माप आहे, ते एकूण मत्तेवरच्या परताव्यावरून काढतात आणि आकडा लहान येतो. त्यासाठी हा शब्द छान बसेल.

लातूरची शिक्षिका
‘स्वनिधीवरील परतावा’ घेतला. ‘झेपणारा वाढदर’ टिपणात लिहिते, पण विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत ‘शाश्वत’च येतं, तेव्हा तोही शेजारी ठेवावा लागेल. पुनर्खरेदीचं उदाहरण उद्याच फळ्यावर घेते.